नोरतीच्या रानात कोरफड

"मराठी बोलतो म्हणून माणूस आपला होत नाही, रमा," असं प्रतिमाताईंनी मला सांगितलं होतं. जवाहर नगरात आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. यजमान विम्याच्या कचेरीत, आणि बदल्यांमुळे त्यांचं आयुष्य सहा गावांत गेलेलं. मी हसले. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत त्या सगळ्यांवरच संशय घ्यायच्या, म्हणून हे वाक्यही मी त्यातच जमा केलं.

बोलणं उमाकांत रावांविषयी चाललं होतं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांची बायको लता माझ्या शेजारी बसली. "तुम्ही साताऱ्याच्या? आम्ही कराडचे!" झालं. जयपूरला येऊन मला वर्ष होत आलं होतं. ह्यांची बँक, माझी दीड वर्षांची विभा, आणि बाहेर बोलायचं तर सगळं हिंदीत. लताच्या तोंडून "अगं बाई" ऐकलं तरी मला घरी आल्यासारखं वाटायचं.

उमाकांत रावांचा मुरलीपुऱ्यात औषधी वनस्पतींचा छोटा कारखाना होता. निदान ते तसं म्हणायचे. मी वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. आहे हे कळल्यावर त्यांनी मला गळ घातली. "वहिनी, चौमूकडच्या एका गावात शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी आहे. असगंध म्हणजे अश्वगंधा, नींबू घास म्हणजे गवती चहा, आणि ग्वारपाठा म्हणजे आपली कोरफड लावायला लोक तयार आहेत. शास्त्र शिकलेल्या कुणी चार शब्द सांगितले की त्यांना धीर येईल. मी सांगितलं की म्हणतात, हा तर विकणारा."

"मग मी तरी वेगळं काय सांगू?"

"खरं ते सांगा! मात्र कोरफडीचं माझ्यावर सोडा. त्याचा व्यवहार माझ्या हातात आहे."

ते शेवटचं वाक्य मला टोचलं. पण चार दिवसांनी त्यांच्या घरी पोहे खाताना ती टोचणी विरघळली.

पोह्यांनंतर लताने कारखाना दाखवला. विभा माझ्या कडेवर होती. तिला कुठे खाली सोडायचं म्हणून माझी नजर आधी जमिनीवरच फिरते: खिळा, काच, सांडलेलं तेल. त्यामुळेच माझ्या ते लक्षात आलं. नींबू घासाचं तेल काढायची भट्टी होती, तांब्याची, चकाकणारी. पण खाली राखेचा कण नव्हता, विटा काळ्या पडलेल्या नव्हत्या. कोरफडीचं म्हणाल तर पानांचा गर काढला की सालींचा ढीग साठतो, त्याला वास येतो, माशा घोंगावतात. इथे एक माशी नव्हती. भिंतीला लागून मात्र गोणपाटात गुंडाळलेली कोरफडीची पिल्लं, म्हणजे लावायची रोपं, रचलेली होती, शेकड्यांनी. विकायला तयार.

"अजून सुरू व्हायचंय ना," लता म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. जयंत म्हणाले, "नवीन धंदा आहे, भट्टी नवीच असणार. तू प्रत्येक ठिकाणी खिळा शोधतेस." तेही खरंच होतं.

सभा जूनमध्ये झाली, पाऊस यायच्या आधी. सोसायटीच्या खताच्या गोदामात पोत्यांवर पुरुष बसले होते, युरियाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. विभा किरकिर करू लागली म्हणून मी दाराजवळ बायकांत जाऊन बसले. पाच-सहा जणी, सगळ्यांचे घुंघट छातीपर्यंत. त्यातल्या एकीने न विचारता विभाला मांडीवर घेतलं आणि आपल्या बांगड्या तिच्या हातात दिल्या. तिचं नाव नोरती. नवरा सुरतेला कापडाच्या गिरणीत, म्हणून त्याच्या वाट्याच्या रानासाठी ती आली होती. पण बोलायचं काम तिच्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिराचं. समोर तिसऱ्या पोत्यावर बसलेले, पांढऱ्या मिशांचे लादूजी. जेठांसमोर तिने तोंड उघडायचं नाही अशी तिकडची रीत.

आधी मी बोलले. हिंदी माझी अडखळत चालते, पण विषय हातातला होता. असगंधाचं मी नीट सांगितलं: रेताड रान चालतं, पाणी साचलं तर मूळ कुजतं, पेरणी पाऊस ओसरताना, पानं वाळून फळं लाल झाली की मुळं खणायची, उशीर केला तर ती लाकडासारखी होतात. "बाजारात मुळाची जाडी बघतात. मोडून बघतात. आत पांढरं आणि कटकन तुटणारं असलं तर भाव. बारीक मुळ्यांना कोणी विचारत नाही. आणि त्याची मोठी मंडी नीमचला आहे, इथे नाही. म्हणून पहिल्या वर्षी एक कोपरा लावा, तोही विहिरीच्या पाण्याचा नको, बाजरीच्या रानाचा."

नींबू घासाचंही सांगितलं. गवत विकलं जात नाही, तेल विकलं जातं; भट्टी जवळ नसेल तर गवत म्हणजे नुसता सुगंधी चारा, आणि जनावरं तेही खात नाहीत. लोक हसले. उन्हाळ्यात त्याला पाणी लागतं, आणि पाला, म्हणजे कडाक्याच्या थंडीतलं हिम, पडला की शेंडे जळतात.

"आणि ग्वारपाठा?" अध्यक्ष छीतरमलजींनी विचारलं.

"ते उमाकांतजी सांगतील," मी म्हणाले आणि खाली बसले.

उमाकांत राव छान बोलले. फार छान. पाणी नको, खत नको, जनावर तोंड लावत नाही, एकदा लावा आणि चार वर्षं पानं कापा. पिल्लं आमच्याकडून विकत घ्या, पानं आमचा ट्रक नेईल, बांधाबांधापर्यंत येईल. "पण चांगल्या जमिनीत लावा. विहिरीजवळ. पानं हातभर लांब होतील."

लादूजी लगेच म्हणाले, "आमच्या वहूची, धाकट्या भावाच्या बायकोची, विहिरीजवळची दीड बिघा जमीन आहे. ती लिहा."

विभाच्या हातात बांगड्या खेळवणारा हात थांबला.

नोरती माझ्याकडे झुकली. घुंघटाच्या आतून अगदी हळू आवाज आला, "जीजी, त्या रानात माझे गहू होतात. वर्षाचे. जेठजींची स्वतःची पाच बिघा आहे, ती नाही देत. तुम्ही विचारा ना, पानं कापली आणि ट्रक नाही आला तर पान किती दिवस टिकतं? ह्या कारखान्याचं पान जातं कुठे?"

"तूच विचार की."

"मी?" घुंघट हलला. ती हसली असावी. "उद्यापासून माझी चूल वेगळी होईल."

मग मी उठून विचारलं. नोरतीचं नाव घेतलं नाही. "उमाकांतजी, कापलेलं पान एक-दोन दिवसांत प्रक्रियेला गेलं पाहिजे. तुमच्या कारखान्यात ती सोय सुरू झाली आहे का?"

आणि इथे ते फसलं. उमाकांत राव हिंदीत उत्तर देण्याऐवजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वहिनी, इथं कशाला? घरी बोलू ना आपण. आपल्याच माणसाला चारचौघांत असं धरायचं का?"

मी पण मराठीतच म्हणाले, "भाऊजी, भट्टीखाली राख नव्हती. सालींचा ढीग कुठे आहे, तेवढं सांगा."

"अहो, पावसाळ्यानंतर सुरू होणार आहे. जयंतरावांना विचारा, धंद्यात असं आधीपासून..."

"म्हणजे अजून एकही पान घेतलेलं नाही तुम्ही?"

आम्ही दोघंही थांबलो. सगळे आमच्याकडे बघत होते. मागून एक म्हातारा म्हणाला, "तुमच्या बोलीत काय ठरतंय?"

"भाव ठरत असेल," छीतरमलजी म्हणाले. हशा पिकला, पण त्यात गंमत नव्हती.

मी घाईघाईने हिंदीत सगळं सांगायला लागले. ग्वारपाठा वाईट नाही, तुमच्या बांधावर तो आपोआप वाढतो. पण पान म्हणजे पाणी, दूर जाऊ शकत नाही. जवळ घेणारा हवा, आणि घेणाऱ्याचं काम चालू असलेलं आपण डोळ्यांनी पाहायला हवं. तुमच्याकडे पाला पडतो, त्यात पानं तपकिरी होऊन लोळतात. चांगल्या रानात गहू काढून लावू नका. एकेक शब्द खरा होता. पण ऐकणारे चेहरे बंद होत गेले.

लादूजींनी मिशीवरून हात फिरवला. "बहनजी, आधी म्हणालात ते सांगतील. आता म्हणता त्यांचं ऐकू नका. दोघं मिळून आलात, आणि मधेच भांडण झालं. आम्ही कुठलं खरं मानायचं?"

"कोणी दुसरी कंपनी असेल बहनजींची," कोणीतरी म्हणालं. "आम्ही लावू नये, म्हणजे मग ह्यांचा माणूस स्वस्तात लावून घेईल."

उमाकांत राव हसून म्हणाले, हिंदीत, "लहान मुलाची आई आहे. भीती वाटते. मनावर घेऊ नका." सगळ्यांत जास्त हशा ह्याला पिकला. मी विभाला शोधायला वळले, जणू तिला कुणी नेलं असावं. ती नोरतीच्या मांडीवर झोपली होती.

त्या दिवशी सोसायटीने ठराव केला नाही. ज्याने त्याने आपापलं बघावं असं ठरलं. लादूजी मात्र उमाकांत रावांच्या टेम्पोपाशी गेले, आणि पिल्लांच्या दोन गोण्या उतरवून घेतल्या.

निघताना नोरतीने विभाला माझ्या हातात दिलं. आजूबाजूला पुरुष नव्हते, तरी घुंघट वर केला नाही.

"जीजी, तुम्ही खोटं नाही बोललात ना?"

"नाही."

"मग त्या भाषेत का बोललात?"

परक्या गावात आपली बोली ऐकली की तोंडातून तीच निघते, हे तिला कसं सांगायचं? मी एवढंच म्हणाले, "बांधावर लाव. रान सोडू नकोस."

"रान जेठजी नांगरणार," ती म्हणाली. "मी बांधावरच लावीन म्हणेन. बघू."

परत मी उमाकांत रावांच्या टेम्पोतूनच आले. मुरलीपुऱ्याच्या वळणावर मी उतरून रिक्षा केली. दोन महिन्यांनी बँकेतून ह्यांची भोपाळला बदली झाली. उमाकांत रावांचा कारखाना पुढे सुरू झाला की नाही, मला ठाऊक नाही. झाला असेल तर बरंच. पण नोरतीचं काय झालं तेही ठाऊक नाही. तिला अक्षर वाचता येत नाही, आणि पत्र लिहिलं तर ते लादूजींच्याच हातात पडेल.

म्हणून तुमच्यापैकी कोणी जयपूरला असेल, छावणीत, बँकेत, कुठेही, तर थंडीत एकदा सीकर रोडने चौमूच्या पुढे जा. सोसायटीच्या खताच्या गोदामामागे एक विहीर आहे. तिच्याजवळच्या रानात गहू दिसला तर नुसतं बघून परत या. कोरफडीच्या ओळी दिसल्या तर जेठांना विचारू नका. सकाळी बायका पाण्याला येतात तेव्हा तिथे उभं राहा, आणि नोरतीला विचारा की ह्या वर्षी तिच्या घरात पीठ आहे का. बरोबर बाईमाणूस असू द्या, आणि हिंदीतच बोला. मग मला कळवा.