ऱ्हस्व-दीर्घाच्या बावन्न जोड्या

चौसाळ्याच्या शाळेत मंगल मॅडम मराठी शिकवायच्या. आठवीच्या वर्गाला शुद्धलेखन घालताना त्यांना पहिल्या वर्षीच एक गोष्ट कळून चुकली होती. 'दिन' आणि 'दीन' हे दोन शब्द त्यांनी कितीही नीट उच्चारले तरी मुलांच्या कानाला सारखेच जायचे. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. आपण बोलताना दोन्हीकडे 'दी' लांबच म्हणतो, फरक फक्त कागदावर दिसतो. नुसता शब्द सांगितला की अर्धी मुलं चुकायची आणि उगाच मार्क गमवायची.

म्हणून मॅडमनी एक वही केली. प्रत्येक जोडीपुढे एकेक वाक्य, म्हणजे अर्थावरून अक्षर ओळखता यावं. 'शाळेचा वर्धापन दिन' आणि 'दीन चेहऱ्याने उभा राहिला'. 'देवापुढे शिर झुकवले' आणि 'हातावरची शीर फुगली'. 'सुर आणि असुर', 'सनईचा सूर'. 'आंब्यावर पिक बोलतो', 'कापसाचे पीक'. पिक म्हणजे कोकीळ, हे सांगितलं की पोरं हसायची आणि मग विसरायची नाहीत. चार वर्षांत बावन्न जोड्या झाल्या.

केंद्रप्रमुख गहिनीनाथ सरांच्या हातात ती वही पडली आणि त्यांनी ठरवून टाकलं की पुस्तिका छापायची, केंद्रातल्या अकराही शाळांना वाटायची. छपाईची जबाबदारी गावातले पुढारी आप्पाराव यांनी घेतली. मॅडमना मनापासून आनंद झाला. त्यांनी एकच गोष्ट मागितली, छापण्याआधी एकदा कच्चा कागद वाचायला द्या. सर हो म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, काम चालू आहे. तिसऱ्या आठवड्यात मॅडम स्वतः, टाइपिंगचं काम दिलेल्या बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या, तर शटर खाली होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांचा निरोप आला की पुस्तिका छापून आली, आता वाचायची ती स्टेजवरच वाचा.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेच्या पटांगणात प्रकाशन झालं. आप्पारावांनी रिबीन सोडली, फोटो निघाले, आणि पहिली प्रत मॅडमच्या हातात आली. मुखपृष्ठावर आप्पारावांचा हात जोडलेला मोठा फोटो होता, आणि खाली बारीक अक्षरात मॅडमचं नाव. त्यांनी पहिलं पान उघडलं.

दिन – शाळेचा वर्धापन दिन. दिन – दिन चेहऱ्याने उभा राहिला.

त्यांना वाटलं, एखादी चूक असेल. पान उलटलं. शीर आणि शीर. सूर आणि सूर. पीक आणि पीक. आंब्यावर पीक बोलत होतं. बावन्नच्या बावन्न जोड्या एकसारख्या झाल्या होत्या. माइकवरून मॅडमना दोन शब्द बोलायला बोलावलं. त्या उभ्या राहिल्या, आभार मानले, खाली बसल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही.

कार्यक्रम उरकल्यावर त्या तडक दुकानात गेल्या. रामेश्वर नावाचा तरुण लग्नपत्रिका जुळवत बसला होता. वही त्याच्याच टेबलावर होती, वर चहाच्या कपाचा गोल डाग. हे कसं झालं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्याला प्रश्नच कळेना.

"मॅडम, आमी आता हातानं टाइप न्हाई करत," तो म्हणाला. "फोनला वाचून दाखवतो, फोनच लिहितो. लई पटकन होतं."

"अरे, पण वहीत दोन्ही शब्द वेगळे लिहिलेत ना? तुला दिसलं नाही?"

"दिसलं. म्या दोन-दोनदा वाचलं बी. वाचायला सारखंच हाय की ते."

मॅडमना त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तो म्हणत होता ते खरंच होतं. ज्या कारणासाठी त्यांनी वही केली, त्याच कारणाने फोन फसला होता. त्यांनी डाग पडलेली वही उचलली आणि बाहेर आल्या.

गहिनीनाथ सरांना त्यांनी फोनवर सगळं सांगितलं आणि वाटप थांबवा म्हणाल्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रती दुपारीच शाळाशाळांत गेल्या होत्या. परत मागवायच्या तर कारण सांगावं लागणार, आणि आप्पारावांच्या फोटोची पुस्तिका चुकीची निघाली हे कोण सांगणार? एवढं बारीक कोण बघतंय, असंही ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या की त्या पुस्तिकेत बारीक बघण्याखेरीज दुसरं काहीच नाही. सरांनी विषय बदलला.

दोन दिवसांनी लिंबागणेशच्या शाळेतल्या एका गुरुजींचा फोन आला. पुस्तिका छान आहे म्हणाले. आधी मुलांचा गोंधळ व्हायचा, आता दोन्ही सारखंच लिहायचं म्हटल्यावर सोपं पडतंय. मॅडमनी त्यांना समजावलं. गुरुजी हो हो म्हणत राहिले, पण छापलेलं चूक कसं असेल, हा प्रश्न त्यांच्या आवाजात तसाच राहिला.

आपल्या शाळेच्या साठ प्रती मात्र मॅडमच्या हातात होत्या. सोमवारी त्यांनी आठवीला लाल पेन आणायला सांगितलं. फळ्यावर नियम लिहिला: मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मूळचा राहतो. म्हणून कापसाचं पीक दीर्घ आणि कोकीळ पिक ऱ्हस्व. मग एकेक वाक्य वाचून अर्थ विचारायचा आणि छापलेलं अक्षर खोडायचं. चार तास गेले. मॅडमचा घसा बसला. मुलांनी काही ठिकाणी बरोबर होतं तेच खोडलं, ते पुन्हा दुरुस्त करावं लागलं, आणि पानं लालेलाल झाली.

एकेचाळिसाव्या जोडीला मॅडमनी वहीप्रमाणे सांगितलं: 'पाणि' म्हणजे हात, णि ऱ्हस्व करा, 'पाणी' प्यायचं, ते तसंच. सगळ्यांनी खोडलं. पुढच्या बाकावरच्या संस्कृतीने पेन उचललंच नाही.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंय, कवी सुटा लिहिताना दीर्घ, कविमन लिहिताना ऱ्हस्व," ती म्हणाली. "मग हा पाणी पण सुटा असला की दीर्घच ना?"

मॅडमनी वहीतली ओळ पुन्हा वाचली. पोरगी बरोबर होती. पाणिग्रहणात णि ऱ्हस्व, पण शब्द एकटा लिहिला की दीर्घ. ही जोडी जोडीच नव्हती. इतके दिवस ती वहीत चुकीची होती आणि या एका जागी फोनने बरोबर छापलं होतं. गेले चार दिवस जगाला चुका दाखवत फिरणाऱ्या मॅडमचे कान तापले. मुलांसमोर त्यांनी आपली चूक सांगितली आणि ती जोडी सगळ्यांना काटायला लावली.

त्या संध्याकाळी त्या मोबाइल घेऊन बसल्या आणि एकेक अक्षर बोटाने दाबत एक्कावन्न जोड्या नीट लिहून काढल्या. दीड-दोन तासांनी डोळे चुरचुरायला लागले. खाली लिहिलं: पुस्तिकेतील सर्व जोड्या चुकीच्या छापल्या आहेत, याप्रमाणे दुरुस्त कराव्यात, 'पाणि-पाणी' ही जोडी माझी स्वतःची चूक, ती गाळावी. मजकूर केंद्राच्या ग्रुपवर टाकला.

गहिनीनाथ सरांचा लगेच फोन आला. हे ग्रुपवर कशाला, मला आधी विचारायचं होतं, आता आप्पारावांना काय सांगू, असं ते बराच वेळ बोलले. मॅडमनी मेसेज काढला नाही. सरांनी पुढच्या कार्यशाळेच्या यादीतून त्यांचं नाव वगळलं, ते त्यांना महिन्याने कळलं.

ग्रुपवर सात जणांनी अंगठे टाकले. दोघांनी फुलं पाठवली. अकरा शाळांपैकी एकाच शाळेतून, लिंबागणेशच्याच गुरुजींनी, दुसऱ्या दिवशी विचारलं की 'पीक'ला प्रत्यय लागला की 'पिकाला' होतं, मग तिथे कोकीळ आणि कापूस वेगळे कसे ओळखायचे? मॅडमनी लिहिलं, तिथे अक्षरावरून ओळखता येत नाही, वाक्यावरूनच ओळखावं लागतं. मग त्यांनी विचारलं, गुरुजी, तुमच्याकडे लाल पेन किती आहेत?