बहात्तर ठोके

बावीस वर्षं मी बसमध्ये तिकिटं तपासते आहे. झोपेचं सोंग घेतलेला माणूस मला दारातूनच ओळखू येतो. खऱ्या झोपेत मान कलंडते, सोंगात ती बरोबर खिडकीला टेकते. त्यामुळे बोट क्लबच्या प्रशिक्षकांनी बुधवारी फोनवर "ताई, तिला आराम द्या, घाई नको," असं म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की आराम कुणाच्या सोयीचा?

माझी मुलगी वल्हं मारते. उंची अशी की क्लबातल्या मुली तिला शिडी म्हणतात, आणि आता आम्हीही घरात तेच म्हणतो. चौघींच्या बोटीत तिची जागा तिसरी. रविवारी निवड होती. त्या दिवशी जी चौघींची बोट पहिली येईल ती मोठ्या स्पर्धेला जाणार, आणि शिडी गेली दोन वर्षं पहाटे पाचला उठत होती ती याच दिवसासाठी. आदल्या रविवारी तिला ताप भरला. एकशे दोन, अंग मोडून आलेलं, घसा लाल. सोम-मंगळ ती पडूनच होती. मंगळवारी संध्याकाळी ताप उतरला, फक्त नाक वाहत राहिलं. मी तापाची गोळी बंद केली आणि दुकानातून सर्दीची आणली.

बोटीत एखादी मुलगी आजारी पडली तर तिच्या जागी बसायला पाचवी मुलगी तयार ठेवलेली असते. आमच्या बोटीची पाचवी म्हणजे प्रशिक्षकांची सख्खी भाची. आता सांगा, संशय माझ्या डोक्यात शिरला की दारात उभाच होता?

प्रशिक्षकांचा नियम असा की प्रत्येक मुलीने सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून न उठता नाडी मोजायची आणि आकडा त्यांना कळवायचा. तो ते क्लबच्या शेडमधल्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहितात. शिडीची नाडी एरवी छप्पन्न. बुधवारी तक्त्यात बहात्तर, गुरुवारीही बहात्तर. मी कामावरून येताना मुद्दाम वाट वाकडी करून तो तक्ता बघून आले. भाचीच्या नावापुढे अठ्ठावन्न, रोज अठ्ठावन्न, एका ठोक्याचाही फरक नाही. इतका सरळ हिशोब मला आयुष्यात कुठल्या कंडक्टरने दाखवलेला नाही.

"ताप नाही," मी प्रशिक्षकांना तिथेच सांगितलं. "रोज सकाळी, दुपारी, रात्री बघते. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"तापाची गोळी चालू आहे का?"

"मंगळवारपासून बंद. एकही नाही."

ते कपाळाला आठ्या घालून तक्त्याकडे बघत राहिले. "मग नाडी एवढी का, हे मला कळत नाही. नुसतं नाक वाहत असतं तर हलका सराव चालला असता. पण ताप येऊन गेलाय आणि नाडी सोळाने वर आहे. शरीर अजून कशाशी तरी लढतंय. अशात जोर लावला तर आजार लांबतो, क्वचित हृदयालाही सूज येते. खातेय का नीट?"

"चहा-टोस्ट."

"एवढंच?"

"जड खाऊन ताप उलटला तर?"

"अहो ताई, तापात शरीर जास्त जाळतं. जबरदस्ती नको, पण दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. मऊ भात, अंडं, केळं, सूप. पाणी भरपूर, त्यात थोडं मीठ-साखर. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, वा! पोट टम्म भरा, अंथरुणात झोपवा, आणि रविवारी भाचीला बोटीत बसवा. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी भाची स्वतःच दारात हजर. हातात सूपचा डबा. "काकू, मामांनी दिलंय. शिडी कशी आहे?"

"बरी आहे. एकदम बरी," मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. तिने नजर खाली घातली. माझ्या धंद्यात नजर खाली गेली की शंभरातले नव्वद विनातिकीट असतात. ती गेल्यावर मी सूप हुंगलं, चमच्याने ढवळलं आणि सरळ मोरीत ओतलं. शिडी पलंगावरून सगळं बघत होती.

शुक्रवारी पहाटे मी तिच्या आधी उठले. ती झोपेत असतानाच मनगट धरलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. एक्काहत्तर. म्हणजे आकडा खोटा नव्हता. पण इतक्यात हार मानणारी मी नव्हे. मी मनाला समजावलं, की पोर धास्तावली आहे, त्या माणसाने तिच्या डोक्यात आजार भरलाय, नाडी वाढेल नाहीतर काय होईल? तिला सर्दीची गोळी दिली, तासाभराने थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"बघ," मी तिला पारा दाखवला. "तू ठणठणीत आहेस. संध्याकाळी क्लबात जाऊ. होऊ दे दूध का दूध, पाणी का पाणी."

"बरं," शिडी म्हणाली.

शेडमध्ये बोटी फळ्यांवर उलट्या ठेवलेल्या, आणि कोपऱ्यात वल्हवण्याची दोन मशिनं. मी प्रशिक्षक सरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सगळ्यांसमोर चाचणी घ्या. दोन हजार मीटर. जमलं तर जागा तिची."

"दोन हजार मी घेणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही कितीही रागवा. हवं तर दहा मिनिटं अगदी सावकाश. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने."

छातीला नाडीचा पट्टा बांधून शिडी बसली. या वेगाला तिची नाडी एरवी एकशे वीसच्या आसपास असते, असं ते म्हणाले. चौथ्या मिनिटाला पडद्यावर एकशे पंचावन्न आले. तिच्या ओठावर घाम होता आणि पाठ वाकली होती. तरी हात थांबले नाहीत.

"थांब," सर म्हणाले.

"पट्टा बिघडलाय!" मी ओरडले. "तुमचाच पट्टा, तुमचंच मशीन!"

सरावाला आलेली भाची पुढे आली, स्वतःचा पट्टा काढून शिडीला बांधला. आकडा तोच.

शिडीला खोकला आला. सहा वाजले होते, गोळीची वेळ. मी पर्समधून पाकीट काढून एक गोळी तिच्या हातावर ठेवली. सरांनी तिचा हात मध्येच धरला.

"हे काय?"

"सर्दीची. तापाची नाही, तुम्हाला सांगितलंय मी."

त्यांनी पाकीट उलटं केलं. मागची बारीक अक्षरं वाचली आणि ते माझ्यापुढे धरलं. तीन औषधांची नावं होती. पहिलं होतं पॅरासिटामॉल, मी मंगळवारी बंद केलेल्या गोळीतलं तेच, तेवढ्याच वजनाचं.

"दिवसातून तीनदा?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"आणि ताप कधी बघता?"

"गोळीनंतर तासाभराने. लागू पडली का ते बघायला."

बोलता बोलताच मला ऐकू आलं मी काय बोलते आहे ते. बावीस वर्षं मी लोकांची तिकिटं उलटीपालटी करून बघितली. या पाकिटाची मागची बाजू मी एकदाही बघितली नव्हती.

"यातलं नाक मोकळं करणारं औषध नाडीही थोडी वाढवतं," सर म्हणाले. "म्हणजे आत्ता ना थर्मामीटरवर भरवसा, ना पट्ट्यावर. गोळी थांबवा, मग खरं काय ते दिसेल. आणि उद्या डॉक्टरांना दाखवाच. छातीत दुखलं, धाप लागली, धडधडलं तर उद्याचीही वाट बघू नका."

त्या रात्री गोळी दिली नाही. नऊला पारा एकशे एकला गेला. ताप उतरलाच नव्हता. मीच त्याला झाकून ठेवला होता, आणि झाकलेल्या तापावर तिला मशीनवर बसवलं होतं. दोन हजार मीटर वल्हव म्हणाले होते मी. सरांनी ऐकलं असतं तर? मी स्वयंपाकघरात गेले आणि मऊ भात टाकला, तेवढंच सुचलं.

चार घास खाऊन ती उशीला टेकली. मी विचारलं, "तुला आतून कळत नव्हतं का गं? बरं वाटत नाहीये ते?"

"कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू थर्मामीटर दाखवत होतीस. मी काय दाखवणार होते?" मग म्हणाली, "तिसरीत पोट दुखतंय म्हटलं तर तू दप्तरात गृहपाठाची वही शोधलीस. तेव्हापासून मी सांगत नाही. आणि ती भाची रोज मला मेसेज करत होती, की गपचूप झोप, जागा तुझीच आहे, मी फक्त ती धरून ठेवते. ते तुला दाखवलं असतं तर तू त्यातही काहीतरी शोधलं असतंस."

शोधलं असतं.

शनिवारी डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला. सगळं ठीक निघालं, पण वल्ह्याला हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. रविवारी चौघींची बोट भाचीला घेऊन पाण्यात उतरली आणि दुसरी आली. आमची बोट मोठ्या स्पर्धेला जाणार नव्हती. शिडी गळ्याला मफलर गुंडाळून काठावर उभी होती. रडली नाही, नुसती पाण्याकडे बघत राहिली. मला मात्र रडू आवरेना. मी भाचीला गाठून म्हटलं, "तुझं सूप मी ओतून दिलं होतं." ती म्हणाली, "शिडीने सांगितलं, काकू."

सोमवारी ताप गेला, यावेळी गोळीशिवाय. मग दोन दिवस सरांनी नुसतं खाणं-पिणं-झोप सांगितली. अंडी, केळी, मऊ भात, मग हळूहळू पोळी. भूक तिची तिलाच लागायला लागली. गुरुवारी नाडी सत्तावन्न आली आणि सरांचा निरोप आला, की आज वीस मिनिटं चालू दे, दमली नाही तर उद्या थोडं जास्त, वल्हं पुढच्या आठवड्यात.

मी तिचे बूट दाराशी काढून ठेवले. शिडी पलंगावर उठून बसली, पाय खाली सोडले आणि तशीच राहिली.

"आई, आज नको. पाय जड वाटतात."

थर्मामीटर टेबलावरच होता. नाडी सत्तावन्न होती, ताप नव्हता, भूक लागत होती, माझ्याजवळ सगळे पुरावे होते. 'खरंच?' हा प्रश्न ओठांपर्यंत आला. तो मी गिळला.

"बरं," मी म्हटलं. "नको तर नको. पड तू."

ती पडली नाही. मान जराशी तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, डोळे, ओठ, हात, एकेक नीट निरखत. हे असं बघणं मला कुणी शिकवायला नको.

"खरंच म्हणतेस?" तिने विचारलं.

"खरंच."

"नक्की ना? की मनात काहीतरी आहे?"

मी पुन्हा सांगितलं, की मनात काही नाही. तिचा विश्वास बसला नाही. तिने वाकून बूट पायात चढवले आणि नाड्या बांधायला लागली.