टोकापासून

हेलिकॉप्टरची पाती दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी धाकटीच! एकोणीस वर्षांपूर्वी ती डिझाइनच्या खोलीत आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, आणि हे नाव ठेवणारे काका अजून शेजारच्याच टेबलावर बसत होते. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

काकांनी तिथे एक शिस्त लावली होती. दुरुस्त पात्याचं गणित एकाने मांडायचं, दुसऱ्याने तो कागद पालथा ठेवून स्वतः वेगळं मांडायचं आणि दोन्ही जुळले तरच सही करायची. पण काकांचा कागद तपासायचा म्हणजे धाकटीला कसंसंच व्हायचं. कित्येक वर्षं ती त्यांच्या सहीखाली डोळे झाकून सही ठोकत आली होती. आज सकाळीही ठोकली.

दुपारी तिला वाटलं, काकांच्या अक्षरातला एक कागद आपल्याकडे आठवण म्हणून असावा. ती सकाळचाच कागद झेरॉक्सला घेऊन गेली आणि मशीन तापेपर्यंत कौतुकाने वाचत उभी राहिली. तेच उभट, टपोरे आकडे. पातं सहा मीटरचं, चाळीस किलोचं. बरोबर मध्यावर नवा सांधा, बारा टनांपर्यंतची ओढ सोसणारा. मध्यावरचा ताण पाच टन. सांधा पास.

पाच?

काकांनी बुंध्यापासून, म्हणजे आसाशी जोडलेल्या टोकापासून, सुरुवात केली होती. बुंध्याशी ताण शून्य धरून मध्यापर्यंत बेरीज केली होती. काकांनी!

तिने आधी पॅकिंगला फोन लावला. "ते पातं पेटीत घालू नका. घातलं असेल तर बाहेर काढा. का ते मग सांगते."

मग झेरॉक्सशेजारच्या जिन्यात बसून तिला रडू फुटलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी याच काकांनी दोरीला हातहातभर अंतरावर नट बांधून मागच्या अंगणात गरगर फिरवले होते आणि ती दचकून मागे सरकल्यावर खो खो हसले होते. "कुठलाही नट धर. त्याच्या बाहेरचे सगळे त्याच्या जिवावर फिरतायत. बाहेरच्या टोकाला ओढणारं कुणी नाही, म्हणून तिथे शून्य. तिथून आत यायचं, तुकड्या-तुकड्याची ओढ जमवत. इंटिग्रेशन म्हणजे आणखी काय असतं गं?" काय दिवस होते ते! तसे पुन्हा येणार नव्हते.

डोळे पुसून ती वर आली आणि काकांपुढे कोरा कागद ठेवला.

"काका, मध्यावरचा ताण माझ्याकडून एकदा मांडून घ्या ना. पहिल्या दिवशीसारखा."

"शेवटच्या आठवड्यात शिकवणी? मांड."

"बाहेरचा अर्धा भाग वीस किलो. त्याचा मध्य आसापासून साडेचार मीटर. फिरण्याचा वेग सेकंदाला चाळीस रेडियन, त्याचा वर्ग सोळाशे." ती सावकाश लिहीत होती. "एक लाख चव्वेचाळीस हजार न्यूटन. पावणेपंधरा टन."

"बरोबर. बुंध्याशी असतो त्याच्या पाऊणपट. नवखे लोक अर्धा म्हणतात, कारण निम्म्या अंतरावर आलो ना! पण बाहेरचा अर्धा भाग लांबून फिरतो, म्हणून जास्त ओढतो." काका खुशीत होते. "मग अडलं कुठे?"

तिने सकाळचा कागद शेजारी सरकवला. काकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हा पाऊण नाही, उरलेला पाव आहे," ते म्हणाले. "हे मी लिहिलंय?"

"हो काका. सांधा बाराच टन सोसतो. आणि न बघता सही मी केलीय. पातं थांबवलंय."

"मला लिहिताना काहीच खटकलं नाही गं." ते म्हणाले. "बायको महिनाभर म्हणतेय, तुम्ही विसरायला लागलात. मी म्हणायचो, घरातलं विसरतो, कामातलं नाही."

धाकटीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी मांडलेली या महिन्यातली पाती किती?"

"आणखी तीन."

"कागद काढ. पालथे ठेव. तू मांड, मी नुसता बघतो."

तिने तिन्ही पाती टोकापासून मांडली. घाई केली नाही, एकही पायरी गाळली नाही. मग काकांनी एकेक कागद उलटला. पहिला जुळला. दुसरा जुळला. तिसराही जुळला, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. काका मात्र तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्यातली मंगळवारची तारीख पाहत राहिले.

"म्हणजे मंगळवारपर्यंत," ते म्हणाले, "मी होतो."