उलटा सरकलेला पट्टा

माझ्या डोळ्यांचा मला भारी तोरा होता. औषधाच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी बाटल्या तपासते. समोर मागून दिवा लावलेली पांढरी काच, तिच्यापुढून डावीकडून उजवीकडे जाणारा पट्टा आणि त्यावर एकामागून एक पातळ औषधाच्या बाटल्या. नजर काचेच्या मधोमध रोवायची, बाटल्यांच्या मागे पळवायची नाही. केस, कण, तडा, काहीही दिसलं की बाटली बाजूला. सगळे मला दुर्बीण म्हणायचे आणि मी वरवर रागवायचे.

दर अर्ध्या तासाने माणूस बदलायचा नियम आहे. मी तो फारसा पाळत नसे. बदली आली तरी तिला म्हणायचे, "बस गं तिकडे, माझे डोळे अजून जागे आहेत." त्या दिवशीही मी सव्वा तास उठले नव्हते.

पट्ट्याच्या शेवटी माझी धाकटी बहीण बाटल्या खोक्यात भरायची. मीच तिला तिथे चिकटवली होती. एक बाटली फुटली, काचा पट्ट्याच्या कडेला अडकल्या आणि फिटरकाकांनी पट्टा थांबवला. फिटरकाका म्हणजे निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, दोन शब्दांत बोलणं संपवणारा माणूस. त्यांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला, "बंद" असं ओरडले आणि धाकटीने काचा काढायला हात घातला. मी अजून काचेसमोरच होते. माझ्या डोळ्यांदेखत पट्टा हळूच मागे सरकला. डावीकडे, अगदी स्पष्ट. त्याच क्षणी धाकटी किंचाळली.

तळहातावर सात टाके पडले.

मी फिटरकाकांच्या अंगावर धावून गेले. "स्विच पाडला म्हणता आणि पट्टा चालतो कसा? माझ्या बहिणीचा हात गेला असता!" ते गोंधळून म्हणाले, "बाई, पाडलाय मी. आणि हा पट्टा उलटा चालतच नाही, त्याला तशी सोयच नाही." पण मी कुणाचं ऐकतेय? मॅनेजरसमोर मी ठामपणे सांगितलं की पट्टा सरकताना मी पाहिला. मॅनेजरने एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "बाटलीतला केस मला दिसतो, एवढा मोठा पट्टा दिसणार नाही?" तिथे विषय संपला. स्विच पाडल्याशिवाय कुणाचा हात आत जाऊ देणं हा आमच्याकडे सर्वांत मोठा गुन्हा. चौकशी पूर्ण होईपर्यंत फिटरकाकांना घरी बसवलं. फाटकातून जाताना ते डबा विसरले. तो दोन दिवस खिडकीत तसाच होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

बारा दिवसांनी पुन्हा एक बाटली आडवी झाली. आता नवा नियम होता: फिटरने स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली तपासणाऱ्या बाईच्या हातात द्यायची. नियम माझ्यामुळेच आला होता, म्हणून किल्ली मी रुबाबात मुठीत धरली, पुन्हा काचेसमोर बसले आणि पट्ट्याकडे पाहिलं.

पट्टा मागे सरकत होता.

"हात काढा!" मी ओरडले. सगळ्यांनी हात काढले. नवा फिटर माझ्याकडे बघतच राहिला. किल्ली माझ्या मुठीत, कुलूप जागेवर, आणि तरी पट्टा डावीकडे चाललेला. मग माझं लक्ष एका बाटलीकडे गेलं. चौकटीवर लाल पट्टीची खूण होती, तिच्या अगदी शेजारी ती उभी होती. बाटली सरकत होती आणि खुणेपासून केसभरही लांब जात नव्हती. मी नजर उचलून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या फरशाही डावीकडे सरकत होत्या. थोड्या वेळाने सगळं आपोआप थांबलं.

दर वर्षी आमची नजर तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतात. त्यांना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत तुमचे. मेंदूत उजवीकडच्या हालचालीची खबर देणाऱ्या पेशी वेगळ्या, डावीकडच्या वेगळ्या. तुम्ही तासभर उजवीकडचीच हालचाल बघता, त्या पेशी थकतात. पट्टा थांबला की डावीकडच्यांचं पारडं जड होतं, म्हणून थांबलेली वस्तू मागे जाताना दिसते. पण ती जागा सोडत नाही. हे कुणालाही होतं. अर्ध्या तासाने उठायचा नियम आहे ना तुमच्याकडे?"

मी फोन ठेवला. नियम होता.

घरी धाकटीला विचारलं, "खरं सांग, हाताखाली पट्टा हलला होता?" ती टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवत राहिली. "नाही गं ताई. हातमोजा काढला होता मी, काच चिमटीत येत नव्हती म्हणून. घसरली. पण तू पट्टा हलला म्हणालीस, मला वाटलं हललाच असेल. तुला कधी चुकीचं दिसतं का?" मला तिला रागवायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? तिला गप्प बसवणारी मीच होते.

सकाळी मी मॅनेजरला लेखी दिलं की पट्टा सरकला नव्हता, मला तसा भास झाला. ते म्हणाले, "बाई, हे कागदावर आलं तर तुम्हाला या खुर्चीवर ठेवता येणार नाही." मी म्हटलं, "नका ठेवू." मग त्यांनी खणातून दुसरा कागद काढून पुढे सरकवला. "पण फिटरनी तर परवाच चूक कबूल केलीय."

मी तशीच फिटरकाकांच्या घरी गेले. ते दारात सायकल उलटी ठेवून तिचं चाक सरळ करत होते. मला बघून उठले, बसायला पाट दिला, बहिणीचा हात कसा आहे विचारलं. माझी मान वर होईना.

"काका, स्विच तुम्ही पाडला होता. मग कबुली का दिलीत?"

"पहिले चार दिवस मला पक्कं आठवत होतं," ते म्हणाले. "खटका पडल्याचा आवाजसुद्धा. मग वाटायला लागलं, तो आवाज आदल्या दिवशीचा असेल. बाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं. तुमचा डोळा चुकत नाही, हे मीच नव्या पोरांना सांगायचो. म्हटलं, वय झालं, विसरलो असेन. एका पोरीचा हात जायची वेळ आणली मी."

"माझा डोळा चुकला, काका."

ते समजुतीने हसले. "माझं मन राखायला आलात. नका करू असं."

त्यांना माझा खोटा शब्द पटला होता आणि खरा पटत नव्हता. इतकी शरम मला जन्मात वाटली नाही. मी पाट सारला आणि सायकलीपाशी उकिडवी बसले. "या चाकाच्या मधल्या तुंब्यावर नजर ठेवा. हलवायची नाही." मी चाक हळूहळू फिरवत राहिले, एकाच दिशेने. मनात शंभर आकडे मोजले, हात भरून आला. मग दोन्ही हातांनी टायर घट्ट धरला.

"आता काय दिसतंय?"

ते पुढे झुकले. "उलटं फिरतंय. तुम्ही फिरवताय."

"माझे हात बघा."

त्यांनी माझे हात पाहिले, मग तारा पाहिल्या, मग स्वतःच्या बोटाने एक तार धरली. बराच वेळ ती धरून राहिले. मी काय काय बोलायचं ठरवून आले होते, माफी, कागद, पाया पडणं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात वळून, इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, बायकोला म्हणाले,

"अगं, ऐकलंस का? स्विच मी पाडला होता!"