रुखवतातले कंदील

आमच्या असोद्यात रुखवत म्हटलं की माझंच नाव निघायचं. बारा वर्षांत गल्लीतली एकही मुलगी माझ्या हातच्या रुखवताशिवाय सासरी गेली नाही. आणि घरच्याच पुनमच्या, माझ्या नणंदेच्या, लग्नाला सासूबाई म्हणाल्या, "यंदा रुखवताचं पुढचं टेबल डिंपलले दे." डिंपल माझी धाकटी जाऊ. धुळ्याची. येऊन आठ महिने झालेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिने कंदिलांसाठी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या जमवल्या. गरम पाण्यात भिजवून लेबलं काढली, राहिलेला डिंक तेलाने पुसला. मग बाहेरून काचेच्या रंगाने केळीची पानं रंगवली, मधेमधे उजेडासाठी जागा सोडून. गळ्याभोवती तार आवळली, तिच्यावर सुतळी गुंडाळली, वर धरायला जाड तारेची कडी अडकवली. तळाला मूठभर वाळू, वाळूत मेणाची छोटी पणती. सुंदर झाले होते मेले! बघायला येणारी प्रत्येक बाई माझ्या भरतकामाकडे पाठ करून उभी राहायची.

"ताई, तुम्ही एकदा नजर घाला ना," डिंपल म्हणाली.

मी नजर घातली. कडी बरणीच्या तोंडापासून जेमतेम तीन बोटं वर होती. ज्योतीची सगळी धग सरळ वर जाते, म्हणून कडी वीतभर उंच हवी. हे मला पक्कं ठाऊक होतं; मागे एका दिवाळीत असाच कंदील करून मी स्वतःची बोटं भाजली होती.

"छान झालंय," मी म्हणाले.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी सगळे कंदील पेटवून बघितले. अंगण उजळलं. अर्ध्या तासाने पुनमने हौसेने एक उचलला आणि किंचाळून सोडला. बरणी फुटली. तिच्या तळहातावर कडीचा लालभडक वळ उमटला. नवऱ्या मुलीचा हात, तोही उजवा. मला वाटलं होतं डिंपलची फजिती होईल, फार तर तिची बोटं पोळतील. पुनमचा हात माझ्या मनातही आला नव्हता.

सासूबाईंनी पोरीचा हात पाण्यात धरला आणि डिंपलला फैलावर घेतलं. ती रडत म्हणाली, "आई, मी ताईंना दाखवलं होतं. बारा वर्षं हेच करताहेत त्या. त्यांनाही नाही कळलं, तर मला कसं कळणार?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय वं भूमिका, तुले नही समजलं?"

समजलं होतं म्हणावं, तर पुनमने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं.

"नाही समजलं," मी म्हणाले.

डिंपलने डोळे पुसत माझा हात धरला. "जाऊ द्या ताई, चूक कुणाचीही होते," ती म्हणाली. पुढचं टेबल त्याच रात्री माझ्याकडे आलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.