पस्तीस हजारांच्या वरचं

चंद्रभान गजभिये या घरांच्या दलालाने नागपुरात शेकड्याने लोकांना घरं मिळवून दिली, आणि स्वतः मात्र पाचपावलीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत चौदा वर्षं काढली. घर ही विकायची वस्तू आहे, राहायची नाही, असं त्याचं ठाम मत होतं. बेसा गावाकडे एकदा त्याने बायकोच्या नावाने प्लॉट धरला, चार महिन्यांत कुणी दोन हजार जास्त देतो म्हणाला आणि विकून टाकला. दुसऱ्यांदाही तेच झालं. नफा पुढच्या सौद्यात गेला आणि तो सौदा बुडाला.

कौसल्या, त्याची बायको, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्या प्लॉटनंतर ती भांडली नाही, रडलीही नाही. तिने फक्त नवऱ्याला आपला पैसा दाखवणं बंद केलं. प्रॉव्हिडंट फंड, वडिलांच्या खापा गावच्या संत्र्याच्या बगिच्यातला भावाने दिलेला हिस्सा आणि वर्षानुवर्षांची काटकसर मिळून, स्टॅम्प आणि नोंदणीचा खर्च बाजूला काढून, बत्तीस हजार जमले. मग ती नत्थूजीकडे गेली. नत्थूजी तिच्या माहेरच्या गावचा, धंद्याने दलालच, पण कमी बोलणारा. ही आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

दोन आठवड्यांनी नत्थूजी दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. घर सापडलं होतं. नंदनवनात दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे बारमाही पाण्याची विहीर. मालक मनोहरराव भिलाईला मुलाकडे राहायला निघालेले. कौसल्या आदल्या रविवारी नत्थूजीबरोबर जाऊन ते घर बाहेरून पाहून आली होती आणि तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढून विहीर हलत नव्हती.

“मंग अडलं कुठं, नत्थूजी?”

“ताई, मालक अडतीस हजार मांगून राहिला. म्हणजे मालक नाही, त्याचा दलाल.” नत्थूजीने मान खाजवली. “लय चिवट हाय. थो दलाल म्हणजे आपले चंद्रभानभाऊ.”

कौसल्या फाटकाला धरून उभी राहिली. हसावं की डोकं आपटावं, हे तिला कळेना.

“त्यायले माहीत हाय का, घेनारी मी हावो म्हणून?”

“नाही बापा! पार्टीचं नाव कोन सांगते? नाव सांगतलं तर समोरचा दलाल आपल्याले गाळून थेट पार्टीकडे जाते. रजिस्ट्रीच्या दिवशीच तोंड दिसते एकमेकायचं.”

धंद्याची रीतच तशी होती. ती चंद्रभाननेच तिला कितीदा तरी मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

त्या संध्याकाळी चंद्रभान जेवायला बसला तोच मिशीत हसत. असा हसला की त्याला कुणीतरी विचारावं लागे, म्हणून कौसल्येने विचारलं.

“नंदनवनाचं एक घर हाय,” तो म्हणाला. “मालकाले तीस भेटले तरी थो नाचन. दिवाळीच्या आधी भिलाईले जाचं हाय त्याले. पन मी कमिशनच असं ठरवलं, का भाव चढवाले मजा आली पाह्यजे. तीस हजारापर्यंत शेकडा एक. तीसच्या वर पस्तीसपर्यंत जे चढन, त्याच्यावर शेकडा पाच. अन् पस्तीसच्या वरचं जे असन, त्याच्यावर शेकडा दहा!”

“साऱ्या रकमेवर दहा?”

“साऱ्यावर कोन देईन वं? वरच्या तुकड्यावर फक्त. खालचा तुकडा खालच्या दरानं.”

“म्हणजे तीसले विकलं तर?”

“तीनशे.”

“अन् अडतीसले?”

“तीनशे, वरच्या पाच हजाराचे अडीचशे, अन् त्याच्या वरच्या तीन हजाराचे आनखी तीनशे. साडेआठशे!” त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. “नत्थूच्या मागं कोनी भोळी पार्टी हाय. ते घर लय मनात भरलं दिसते तिच्या. अशा पार्टीले पिळाले अक्कल लागत नाही.”

कौसल्येने त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. तिच्या हिशोबात ते चटकन बसलं. नवऱ्याच्या खिशात साडेपाचशे जास्त पडावेत म्हणून तिने आठ हजार जास्त मोजायचे. ते साडेपाचशेही घरात टिकणार नव्हतेच. सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने आधी विचारलं असतं, बत्तीस हजार आले कुठून, आणि मग म्हटलं असतं, दे इकडे, सहा महिन्यांत चाळीस करून देतो. हे तिला स्वतःच्या तळहाताइतकं ठाऊक होतं. तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिने नत्थूजीला बोलावून घेतलं. नत्थूजीला तिने खरेदीच्या किमतीवर शेकडा एक कबूल केला होता. म्हणजे भाव चढला तर नत्थूजीचंही भलं, ही गोष्ट कालपर्यंत तिच्या ध्यानात आली नव्हती.

“नत्थूजी, एक टक्का तुमचा कायम. पन पस्तीसच्या खाली जेवढा भाव उतरन, त्या उतरलेल्या रकमेवर तुमाले शेकडा दहा वरून.”

नत्थूजीने बोटांवर हिशोब केला. “हे कोन शिकवलं, ताई?”

“घरातच शिकली. अन् आयका, मालक तीसवर राजी हाय. दिवाळीच्या आत त्याले गाव सोडाचं हाय. तुमी हलू नका.”

पुढचे तीन आठवडे चंद्रभान जेवताना हसला नाही. नत्थूजीने तीस हजार म्हटले आणि तो मारुतीच्या दगडासारखा बसून राहिला. चंद्रभानने खोटी गिऱ्हाइकं उभी केली, एका ओळखीच्या माणसाला कोट घालून घर बघायला नेलं, छत्तीसवर आला, चौतीसवर आला. नत्थूजी म्हणे, तीस. रोज संध्याकाळी चंद्रभान कौसल्येपुढे चिडचिड करी, आणि रोज त्याच्या चिडचिडीतून तिला मनोहररावांच्या मनाची बित्तंबातमी मिळे.

“त्याले कसं समजते वं, मालक कुठवर उतरन ते? कोनीतरी आतलं फोडून राहिलं.”

“असन कोनी,” कौसल्या म्हणाली आणि कंदिलाची काच पुसायला घेतली. वीज होती, कंदील वर्षभर लागला नव्हता. तिला त्याची दया येत होती आणि तरीही ती काच पुसत राहिली.

शेवटी मनोहररावच कंटाळले. चंद्रभान त्यांच्या ओसरीवर दोन तास बसून विनवत होता, “साहेब, एक महिना थांबा, पस्तीस आनून देतो, नाही तर कमिशन घेनार नाही.” मनोहरराव म्हणाले, मला थांबायचं नाही. नत्थूजी एक हजार चढला आणि एकतीसवर सौदा ठरला. बयाण्याची आगाऊ रक्कम नत्थूजीच्या नावाने दिली गेली, रजिस्ट्री तो सांगेल त्याच्या नावे करायची, असं चिठ्ठीत लिहून. यातही नवल नव्हतं, दलाल असा बयाणा नेहमीच देत. चंद्रभान घरी आला आणि म्हणाला, “साडेतीनशे. तीनशे अन् वरच्या हजाराचे पन्नास. इतका घाम गाळून पन्नास रुपये!” त्या दिवशी तो जेवलाच नाही.

रजिस्ट्रीच्या सकाळी कौसल्येने सांगायचं ठरवलं होतं, पण तो आंघोळ करून घाईने निघून गेला. ती अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन कचेरीत पोचली, तेव्हा चंद्रभान मनोहररावांना ओळखणारा साक्षीदार म्हणून सही करायला पेन काढून उभा होता. बायकोला पाहून त्याला वाटलं, घरी कुणाचं काहीतरी झालं.

“काहून आली वं इकडं?”

तिने उत्तर देण्याआधी अर्जनविसाने कागद वाचायला सुरुवात केली होती. “लिहून घेणार, कौसल्याबाई जौजे चंद्रभान गजभिये, धंदा नोकरी…” जौजे म्हणजे बायको, हे कचेरीच्या ओसरीवरच्या पानवाल्यालाही माहीत होतं.

चंद्रभानचा पेन हातात तसाच राहिला. मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागदावर स्वतः बोट ठेवून ते नाव वाचलं.

“वा, चंद्रभान! तीन आठवडे मला महिनाभर थांबा म्हणत होतास, ते हेच नाटक होय? आणि मी मूर्ख, तू माझ्यासाठी भांडतो आहेस म्हणून तुला चहा पाजत होतो.”

“साहेब, शप्पथ सांगतो, मले माहीत नव्हतं.”

हे ऐकून ओसरीवरचे सगळे दलाल खळखळून हसले. अर्जनवीसही हसला. आपल्या बायकोने घर घेतलं आणि दलाली करणाऱ्या नवऱ्याला माहीत नाही, यापेक्षा मोठी थाप त्या कचेरीत कुणी मारली नव्हती. मनोहररावांनी सही केली, कारण बयाणा घेतला होता आणि सामान भिलाईला गेलं होतं. साडेतीनशे रुपये मात्र त्यांनी दिले नाहीत. जाताना म्हणाले, “तू घेतलंस तेवढं पुरे.”

चंद्रभानने उभ्या आयुष्यात बरेच सौदे वाकडे केले होते आणि त्यांतला एकही उघड झाला नव्हता. या एकाच सौद्यात तो मालकासाठी मनापासून भांडला होता, आणि यातच त्याच्यावर चोरीचा शिक्का बसला.

ते नंदनवनात राहायला आले. पहिले आठ दिवस चंद्रभान विहिरीच्या काठावर बसून राही आणि कौसल्येशी एक अक्षर बोलत नसे. नवव्या दिवशी तो म्हणाला, “नत्थूले किती देल्ले?”

“सातशे दहा.”

“म्हणजे उतरवल्यावर दहा टक्के कबूल केले होते.” त्याने हिशोब क्षणात केला. “माहाच दर मले उलटा लावला.”

घर मिळालं होतं, पण त्यापायी बाजारातलं त्याचं नाव तिने घालवलं होतं, आणि ती किंमत तिने कुठल्याच हिशोबात धरली नव्हती. “मी जातो भिलाईले,” ती म्हणाली. “मनोहररावायले सांगतो, सारं मीच केलं. ओसरीवरच्या लोकायलेही सांगतो. तुमाले कायी माहीत नव्हतं म्हनून.”

“खबरदार!” चंद्रभान एकदम उभा राहिला. “नागपूर काय म्हनन? चंद्रभानले त्याच्या बायकोनं त्याच्याच ताटावर बसवून फसवलं? त्याच्यापेक्षा चोर बरा.”

विकणाऱ्यांनी त्याला टाकलं ते टाकलंच. पण घेणारे येऊ लागले. मालकाचा दलाल असून ज्याने मालकाचे सात हजार उडवले, तो दलाल आपल्या बाजूला हवा, असं सगळ्यांना वाटू लागलं. पहिला आला तो गोंदियाचा एक व्यापारी. ओसरीवर बसून त्याने घराकडे, विहिरीकडे कौतुकाने पाहिलं आणि हळूच विचारलं, “ते मनोहररावाले कसं पाडलं, गजभियेजी? सांगा ना.”

कौसल्या चहा घेऊन दारात उभी होती. चंद्रभानने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ते धंद्यातलं हाय, शेठ. असं कोनाले सांगत नसते.”

तिने पुढे होऊन दोघांसमोर चहा ठेवला. व्यापारी हसत तिला म्हणाला, “बाई, तुमचे मालक लय पोचलेले हायेत.”

“हो,” कौसल्या म्हणाली, आणि आत गेली.