पुठ्ठ्याचं दुसरं भोक

उमरग्याच्या त्या शाळेत पेपर तपासायला पुठ्ठा वापरायचे. कोऱ्या पुठ्ठ्यावर बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडायची, पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकातून किती खुणा दिसतात ते मोजायचं. एकशे तीस पेपर चहा निवायच्या आत संपत. ही युक्ती मुख्याध्यापक गौरीशंकर सरांची. बावीस वर्षांत पुठ्ठ्यानं एकदाही दगा दिला नव्हता.

राजेश्वरीनं भोकं पाडलेला हा पहिलाच पुठ्ठा होता. ती भौतिकशास्त्राची पदवीधर, विज्ञान शिकवायला घेतलेली. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नववीचं इंग्रजी तिच्या गळ्यात पडलं. धाराशिवला होणाऱ्या जिल्ह्याच्या इंग्रजी स्पर्धेला शाळेतून एकच नाव जाणार होतं, म्हणून तिनं तीस प्रश्नांची चाळणी परीक्षा घेतली. रुद्रेशला एकोणतीस मिळाले, अयोध्याला अठ्ठावीस. फळ्यावर रुद्रेशचं नाव लागलं.

दुपारच्या सुट्टीत अयोध्या पेपर घेऊन दारात उभी राहिली.

"मॅडम, अकरावा आन् तेविसावा. चुकलं कुठं, ते सांगा की."

अकरावा प्रश्न होता, द बेबी स्टार्टेड, पुढं रिकामी जागा. तिनं 'टू क्राय' निवडलं होतं. भोक 'क्राइंग'वर होतं. तेविसाव्यात सम पीपल प्रिफर, पुढं रिकामी जागा, मग बाय बस. तिथं तिनं 'टू ट्रॅव्हल' घेतलं होतं, भोक 'ट्रॅव्हलिंग'वर.

राजेश्वरीनं पुठ्ठा पुन्हा पेपरावर ठेवून बघितला. तिच्या विषयात एका प्रश्नाला एकच उत्तर असतं. पाणी शंभर अंशाला उकळतं, आणि वाटलं तर नव्वदलाही, असं कोणी म्हणत नाही. त्या हिशेबानं तिनं प्रत्येक ओळीत एकेक भोक पाडलं होतं. 'क्राइंग' बरोबर आहे हे तिनं तपासलं होतं. 'टू क्राय' चूक आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं होतं.

"वाचनालयाची किल्ली कुठं असते माहीत आहे?" तिनं विचारलं.

"शिपाईमामांकडं."

"आण."

जाड शब्दकोशात दोन्ही रूपं एकाच ओळीत सापडली. बिगिन, स्टार्ट, लाइक, प्रिफर या क्रियापदांपुढं आयएनजी लावा किंवा टू लावा, अर्थ जवळपास तोच. राजेश्वरीनं कपाळाला हात लावला. अयोध्यानं लगेच विचारलं.

"मग माझे तीस झाले का ओ?"

"झाले. चूक माझी आहे, तुझी नाही."

"मी जाऊ धाराशिवला?"

दोन महिन्यांपासून तिचं तीन मिनिटांचं भाषण पाठ होतं, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. विषय होता शेतातले पक्षी. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून ज्वारी राखताना तिनं चौदा जातींचे पक्षी मोजले होते आणि त्यांचे आवाजही तोंडानं काढायला शिकली होती. स्पर्धेत ते भाषण मंचावर करायला मिळणार होतं. नाव शनिवारी दुपारी दोनपर्यंत पाठवायचं होतं, आणि आज शुक्रवार होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"राजेश्वरी मॅडम, दोन्ही बरोबर म्हणता?"

"हो, सर."

"ठीक. मग रुद्रेशचा सतरावा बी बरोबर धरा. त्यानं आयएनजीच लिहिलंय. त्याचे बी तीस. नाव आधीच लागलंय, ऱ्हाऊ द्या."

सतरावा होता, लुक, द बेबी इज बिगिनिंग, पुढं रिकामी जागा. तिथं भोक 'टू क्राय'वर होतं. रुद्रेशनं 'क्राइंग' लिहिलं होतं. त्याची तेवढी एकच चूक.

"सर, तो वेगळा आहे. आधीच्या क्रियापदाला आयएनजी लागलेला असला की पुढं पुन्हा आयएनजी घेत नाहीत. तिथं टूच चांगला. वाचनालयातल्या व्याकरणाच्या पुस्तकातही तसंच आहे."

"पुस्तकात लई काय असतंय," सर म्हणाले. "आत्ता म्हणालात दोन्ही चालतंय, आता म्हणता न्हाय चालत. मी पोरांना काय सांगू?"

राजेश्वरीला त्यांचा राग आला नाही. पुरावा मागणाऱ्या माणसावर रागवायचं नसतं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. तिची नजर सरांच्या मागच्या कपाटावर गेली. दर शनिवारी सर स्वतःच्या अक्षरात एक इंग्रजी सूचना लिहीत आणि प्रार्थनेला वाचत. त्या वह्या तारीखवार बांधून ठेवलेल्या होत्या.

"सर, सहा वह्या नेऊ का? संध्याकाळी परत करते."

"न्या. पण पानं दुमडू नका."

खेळाच्या तासाला वाचनालयात राजेश्वरी वाचू लागली आणि अयोध्या कागदावर रेघा मारू लागली. माळ्यावर पक्षी मोजायची तिची पद्धतच होती, चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पहिल्या वहीतच दोघींना हसू फुटलं. सरांची एक सूचना अशी होती की मुलांनी घंटा झाल्यावर पळायला सुरुवात करू नये, आणि त्यात 'स्टार्ट टू रन' होतं. पुढच्याच आठवड्यात तीच सूचना, फक्त 'स्टार्ट रनिंग'.

"दोन्ही येळंला पोरं पळालीच असतील," अयोध्या म्हणाली.

खिडकीतून रुद्रेश डोकावला. घामाघूम, हातात चेंडू.

"काय मोजायल्यात मॅडम?"

राजेश्वरीनं सरळ सांगून टाकलं. त्यानं चेंडू काखेत धरला.

"मला काय कळतंय त्यातलं? मी तिन्हीकडं आयएनजीच मारलं. पर्याय लांब दिसला की मी तोच घेतो."

"आरं, मग जिल्ह्याला जाऊन काय करणार व्हतास?" अयोध्यानं विचारलं.

"लांब पर्याय शोधणार," तो म्हणाला. "पण भाषण मला येत न्हाय. ती पक्ष्यांची शिट्टी तर मुळीच न्हाय. तू जा की."

साडेचारला राजेश्वरीनं सरांच्या टेबलावर कागद ठेवला. साधी क्रियापदं, पुढं टू, एकतीस वेळा. साधी क्रियापदं, पुढं आयएनजी, सत्तावीस वेळा. इज स्टार्टिंग, आर बिगिनिंग असं जिथं होतं, तिथं टू पाच वेळा, आयएनजी एकदाही नाही.

"हे कुणाचं लिखाण?"

"तुमचंच, सर."

सरांनी वही उघडली. एक पान, दुसरं पान. "द वॉटर टँक इज स्टार्टिंग टू लीक," ते मोठ्यानं वाचू लागले. मग तेच वाक्य 'स्टार्टिंग लीकिंग' करून म्हणून बघितलं आणि तोंड वाकडं केलं, कच्च्या चिंचेनं दात आंबल्यासारखं.

"आय्यो! दोन घंटा एकदम वाजल्यागत वाटतंय."

"पाच वेळा म्हणजे पुरावा थोडा आहे," राजेश्वरी प्रामाणिकपणे म्हणाली. "पण पुस्तकाशी जुळतो."

"थोडा कसला? बावीस वर्षं माझ्या कानाला ठाऊक होतं, मलाच कुणी सांगितलं न्हवतं!" सर खुर्चीत मागं रेलून हसले, इतके की शिपाईमामा डोकावले. "मामा, तो पुठ्ठा आणा. आन् भोकं पाडायचं यंत्र."

पुठ्ठा आला. सरांनी तो टेबलावर सरळ केला, अकराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि दुसरं भोक पाडलं. मग तेविसाव्या ओळीवर. सतराव्या ओळीपाशी यंत्र क्षणभर थांबलं, आणि तसंच पुढं गेलं.

"सगळे पेपर पुन्हा बघा. आणखी कुणाचे गुण वाढतील."

एकोणीस जणांचे वाढले. तीसपैकी तीस मात्र एकट्या अयोध्यालाच मिळाले. फळ्यावरचं नाव पुसायला रुद्रेश स्वतः आला, आणि अयोध्याचं नाव त्यानं इतकं मोठं लिहिलं की शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

रविवारी धाराशिवच्या सभागृहात राजेश्वरी तिसऱ्या रांगेत बसली होती. अयोध्याच्या वहीत भाषणाचं पहिलं वाक्य दोनदा लिहिलेलं होतं, एकदा लाइक टू काउंट, एकदा लाइक काउंटिंग. बसमध्ये तिनं विचारलं होतं, कोणतं घेऊ?

"दोन्ही चालतात," राजेश्वरी म्हणाली होती. "पण बारीक फरक बघ. एखादी गोष्ट करणं बरं, म्हणून आपण नेमानं करतो, तिथं टू शोभतं. करताना मजा येते, तिथं आयएनजी."

अयोध्या माइकसमोर आली. माइक उंच होता, तिनं तो खाली ओढला.

"आय लाइक काउंटिंग बर्ड्स," ती म्हणाली, आणि तोंडानं होला पक्ष्याचा घुमणारा आवाज काढला. सभागृहातली सगळी डोकी छताकडं वळली.